हप्ता ठरवावा तो भाकड महिन्यावरून

त्याने पगाराची स्लिप माझ्या टेबलावर ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं. ‘जादा अदा वसुली : ७,०००’. सगळ्यांत खाली, निव्वळ देय रकमेपुढे २०,०००. “मॅडम, गेल्या महिन्यात तीस आले होते,” एवढंच म्हणाला आणि उभा राहिला.

ती ओळ मीच घातली होती. वरून आदेश आला होता : एकूण ४२,०००, सहा समान हप्ते. भागाकार केला, सात हजार आले, आकडा संगणकात टाकला. मी त्याला म्हटलं, “नियमात बसतंय सगळं.” आणि ते खरंच बसत होतं. पगारपत्रकाच्या कामात पुढे बरीच वर्षं काढल्यावर मला वाटतं, खोट त्या ‘बसतंय’मध्येच आहे.

हे ४२,००० आले कुठून, ते आधी सांगते. तो तंत्रज्ञ होता. एका ठरावीक कामासाठी त्याला महिना ३,००० विशेष भत्ता मिळायचा. त्या कामावरून त्याची बदली झाली, बदलीचा कागद आस्थापना शाखेत पोहोचला, नोंदवहीत चढलाही. पण पगाराच्या संगणकात त्या भत्त्याला शेवटची तारीख कुणी टाकली नाही. चौदा महिने भत्ता आपोआप निघत राहिला. लेखापरीक्षणात सापडला तेव्हा पहिला प्रश्न आला, “त्याच्या लक्षात कसं नाही आलं?” त्याच्या जागी मी असते तर माझ्याही आलं नसतं. त्याचा पगार कुठल्याच दोन महिन्यांत सारखा नसायचा. रात्रपाळ्या जास्त लागल्या की पाळीभत्ता वाढायचा, कमी लागल्या की उतरायचा. बदलत्या बेरजेत तीन हजार सहज मुरतात.

चुकून गेलेला पैसा परत यावा की नाही, हा वाद मी इथे घालत नाही. काही वेळा येऊच नये, असं न्यायालयांनी सांगितलं आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रफीक मसीह प्रकरणात अशा परिस्थिती नोंदवल्या : कर्मचारी तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतला असेल, निवृत्त झालेला किंवा वर्षभरात होणारा असेल, जादा रक्कम पाच वर्षांहून जुन्या काळापासून दिली जात असेल, त्याच्याकडून वरच्या पदाचं काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिला असेल किंवा वसुली एकूणच अन्यायाची, जाचक ठरत असेल. तो निकाल सरकारी नोकरांच्या संदर्भातला आहे आणि तो कुणाला लागू होतो यावर आजही खटले चालतात. मी मात्र जिथे वसुली होणारच आहे अशा प्रकरणांबद्दल बोलते आहे. तिथे सगळं भांडण ‘किती’वर होतं आणि ‘कसं’ हे कारकुनावर सोडून दिलं जातं. मी तो कारकून होते.

‘कसं’चा क्रम बहुतेक सगळीकडे उलटा असतो. आधी कुणीतरी महिने ठरवतं : सहा, बारा, फार दया आली तर चोवीस. मग भागाकार होतो, हप्ता निघतो. आणि सगळ्यांत शेवटी, तेही कुणी विचारलंच तर, हातात किती उरतं ते पाहिलं जातं. माझं म्हणणं असं की हे शेवटून सुरू करावं. माणसाच्या हातात कमीत कमी किती उरलंच पाहिजे तो राखीव वाटा आधी ठरवावा. त्यावर जी जागा उरते तिच्यात मावेल एवढा हप्ता धरावा. महिने किती लागतील ते मग आपोआप निघतं, ते कुणी ठरवायची गरजच नाही.

त्या तंत्रज्ञाच्या स्लिपवर हे करून पाहू. चलन कुठलंही समजा.

साधारण महिन्यात त्याचा ठरलेला पगार ३६,००० आणि पाळीभत्ता ४,०००, मिळून ४०,०००. त्यातून कर, भविष्यनिर्वाह निधी वगैरे कायद्याने जाणाऱ्या कपाती ५,०००. राहिले ३५,०००. पतसंस्थेच्या जुन्या कर्जाचा हप्ता ८,०००, तोही पगारातूनच कापला जायचा. हातात २७,०००. चूक चालू होती तेव्हा यावर तीन हजार जास्त, म्हणजे ३०,००० येत होते. (त्या तीन हजारांवरचा कर हिशेब सोपा राहावा म्हणून तूर्त बाजूला ठेवते, त्याच्याकडे पुढे येऊ.)

चूक दुरुस्त झाली त्याच महिन्यात त्याचा पगार तीन हजारांनी उतरला. ही उतरण वसुलीच्या आदेशात कुठेच दिसत नाही, पण माणसाला दोन्ही एकदमच लागतात. आधी तीस होते, दुरुस्तीने सत्तावीस झाले, सात हजारांच्या हप्त्याने वीस. आदेश काढणाऱ्याच्या डोक्यात ‘सात हजारांची कपात’ असते. त्या माणसाच्या घरात मात्र दहा हजार कमी आलेले असतात. चौदा महिने चूक झाली तर चौदा महिन्यांत वसूल करा, हा तोडगा ऐकायला न्याय्य वाटतो तो याच कारणाने फसवा आहे. त्या हिशेबाने हप्ता ३,००० येतो. पण तीन हजार जास्त येत होते ते थांबले, आणि वर तीन हजार जायला लागले. हातात २४,०००. चूक चालू असतानाच्या मानाने सहा हजार कमी.

आता ते वीस हजार नियमात कसे बसले? भारतातला १९३६ चा वेतन प्रदान कायदा जादा दिलेल्या वेतनाचं समायोजन ही वैध कपात मानायचा आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ नयेत असं सांगायचा. त्या कायद्यात सहकारी संस्थेची देणी असतील तर ही मर्यादा ७५ टक्क्यांपर्यंत जायची. २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेल्या २०१९ च्या वेतन संहितेने सरसकट ५० टक्के ठेवले. आमच्या तंत्रज्ञाची सगळी रक्कम वेतन धरली तर ४०,००० चे निम्मे २०,०००. कर-निधी ५,०००, पतसंस्था ८,०००, वसुली ७,०००, बेरीज बरोबर २०,०००. पन्नास टक्क्यांच्या रेषेवर अगदी बोट टेकवून. सहा हप्ते कुणी हेच बघून ठरवले होते का, मला माहीत नाही. पाच केले असते तर रेष ओलांडली असती, एवढं खरं.

या पन्नास टक्क्यांबद्दल माझी तक्रार अशी आहे की तो आकडा वसुलीसाठी घडवलेलाच नाही. ती सगळ्या कपातींची एकत्र मर्यादा आहे. त्यामुळे ज्याच्या बाकीच्या कपाती कमी, त्याच्या पगारात वसुलीला जागा जास्त. १५,००० पगाराचा माणूस घ्या. त्याला कर नाही, फक्त १२ टक्के निधी म्हणजे १,८०० जातात. निम्म्याच्या मर्यादेत वसुलीला ५,७०० ची जागा उरते, म्हणजे पगाराच्या ३८ टक्के. उलट ज्याचे कर आणि निधी मिळून ३५ टक्के जातात अशा मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याकडून त्याच मर्यादेत १५ टक्क्यांहून जास्त काढता येत नाही. संरक्षण म्हणून लिहिलेला नियम सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाला सगळ्यांत उघडा पाडतो. नियम लिहिणाऱ्यांचा हेतू असा नव्हता, हे मान्य. पण एकच मर्यादा सगळ्या कपातींना लावली की असं होणारच.

बाहेरचे नियम पाहिले तरी फार दिलासा मिळत नाही. इंग्लंडमध्ये एखाद्या सावकाराने न्यायालयात जाऊन पगारावर जप्ती आणली, तर १९७१ च्या कायद्याप्रमाणे त्या आदेशात न्यायालयाला एक संरक्षित रक्कम लिहावी लागते, आणि तिच्या खाली पगार जाऊ देता येत नाही. पण तिथल्याच १९९६ च्या रोजगार हक्क कायद्याने पगारकपातीला जे संरक्षण दिलं आहे, त्यातून मालकाने जादा दिलेल्या पगाराची वसुली कलम १४ ने वगळली आहे. म्हणजे सावकार न्यायालयाची पायरी चढून आला तर त्याला लगाम. स्वतः चूक केलेल्या मालकाला या कायद्यात तो नाही.

न्यूयॉर्क राज्याचा नियम तर गमतीदार आहे. जादा दिलेली रक्कम पुढच्या पगाराच्या निव्वळ रकमेपेक्षा मोठी असेल, तर एका पगारातून ढोबळ पगाराच्या साडेबारा टक्क्यांहून जास्त कापता येत नाही आणि किमान वेतनाच्या खालीही जाता येत नाही. वाचून बरं वाटतं. पण रक्कम पुढच्या निव्वळ पगाराएवढी किंवा त्याहून लहान असेल, तर सगळी एका दमात कापायची मुभा आहे. चूक मोठी झाली असेल तर तुम्हाला वाचवणारा नियम आहे, मध्यम झाली असेल तर अख्खा पगार जाऊ शकतो. एवढं विचारपूर्वक लिहिलेल्या नियमातही हे भोक राहिलं, कारण तिथेही सुरुवात वसुलीच्या रकमेपासून झाली, हातात राहणाऱ्या रकमेपासून नाही.

मला त्यातल्या त्यात पटते ती जर्मन कायद्याची रीत. पगाराचा जो भाग धनकोला जप्त करता येत नाही, त्यावर मालकालाही आपलं येणं वळतं करून घेता येत नाही. आणि तो जप्त न होणारा भाग माणसावर किती जण अवलंबून आहेत त्यानुसार वाढतो. म्हणजे राखीव वाटा आधी. वसुली कुणाची, कशासाठी, हे नंतर.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा जगदेव सिंग निकालही इथे आठवतो. त्या न्यायिक अधिकाऱ्याने सुधारित वेतनश्रेणी घेताना ‘जादा आलं तर परत करीन’ असं हमीपत्र दिलं होतं, म्हणून न्यायालयाने वसुली योग्य ठरवली, पण दोन वर्षांत पसरलेल्या समान मासिक हप्त्यांत. हप्ते दिले हे चांगलंच. पण दोन वर्षं हा काळ आहे, वाटा नव्हे. आणि अशा निकालातला आकडा खाली झिरपतो. ‘न्यायालयाने चोवीस दिले, आपणही चोवीस देऊ’ असं म्हणणारे अधिकारी मी पाहिले आहेत. ज्याला चोवीस हप्ते हलके जातात आणि ज्याला ते मोडतात, अशा दोघांना एकच फूटपट्टी.

परत स्लिपकडे येते. राखीव वाटा किती असावा? मी ७० टक्के धरते, आणि तो कशाचा हे महत्त्वाचं : कायद्याने जाणाऱ्या कपाती वजा करून जे राहतं त्याचा. कर आणि निधी माणसाच्या हातात कधी येतच नाहीत. त्यांना हिशेबात धरलं की वरचा १५,००० आणि मोठ्या पगारासारखा तिढा पडतो. सत्तरऐवजी कुणी पासष्ट म्हणेल, कुणी पंचाहत्तर. त्यावर बसून बोलता येईल. तो आकडा हप्त्याच्या आधी ठरलेला असावा आणि सगळ्यांना एकच असावा, एवढा माझा आग्रह.

साधारण महिन्यात ३५,००० चे ७० टक्के २४,५००. पतसंस्थेचा हप्ता जाऊन हातात २७,०००. जागा २,५०० ची. ४२,००० ला २,५०० ने भागलं की १६.८, म्हणजे सतरा हप्ते. प्रत्येकी २,४७० चे सोळा आणि शेवटचा २,४८० चा. कारकुनी टीप : पूर्णांक करताना महिने नेहमी वरच्या बाजूला न्यायचे. सोळा केले की हप्ता २,६२५ होतो आणि राखीव वाट्यात शिरतो.

इथे थांबलं तर काम नीट झाल्यासारखं वाटतं. मी पुढे एका प्रकरणात असंच थांबले होते आणि चौथ्या महिन्यात तोंडघशी पडले. कारण ‘साधारण महिना’ हा सरासरीचा खेळ आहे. आमच्या तंत्रज्ञाला एखाद्या महिन्यात रात्रपाळी लागलीच नाही, प्रशिक्षणाला पाठवलं, आजारी पडला, तर पाळीभत्ता शून्य. पगार ३६,०००. कायद्याच्या कपाती थोड्या उतरतात, ४,६०० धरू. राहिले ३१,४००. त्याचे ७० टक्के २१,९८०. पतसंस्थेला पाळी लागली काय, न लागली काय, तिचे ८,००० जाणारच. हातात २३,४००. जागा फक्त १,४२० ची. आणि आपला हप्ता २,४७० चा. हातात येतात २०,९३०, राखीव वाट्याच्या हजारभर खाली. ज्या महिन्यात तो आधीच अडचणीत, नेमका त्याच महिन्यात.

भाकड महिना आला की दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे त्या महिन्यापुरता हप्ता १,४२० वर आणायचा आणि राहिलेले १,०५० शेवटी ढकलायचे. हे चालतं, पण त्यात एक सापळा आहे आणि तो संगणकात असतो. कपातीला जागा अपुरी पडली की राहिलेली रक्कम थकबाकी म्हणून पुढच्या महिन्याच्या हप्त्यात मिसळायची, अशी मांडणी मी जिथे जिथे काम केलं तिथे होती. म्हणजे पुढच्या महिन्यात २,४७० अधिक १,०५०. पुढचाही महिना भाकड गेला तर थकबाकी आणखी फुगते, आणि चांगला महिना उजाडला की यंत्र त्यातून सगळं ओढून घेतं. हे होतंय की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे : लागोपाठच्या स्लिपांवर वसुलीचा आकडा बदलत असेल, तर कुणीतरी विचारायला हवं. थकबाकी शेवटच्या हप्त्यानंतर नवा हप्ता म्हणून जोडायची, मधे घुसवायची नाही. हे संगणकात मुद्दाम सांगावं लागतं आणि बहुतेक वेळा सांगायचं राहतं.

दुसरी गोष्ट मला जास्त पटते. मागच्या बारा महिन्यांतला सगळ्यांत भाकड महिना शोधायचा आणि हप्ता त्याच्या मापाने शिवायचा. इथे जागा १,४२०. हप्ता १,४००. ४२,००० ला १,४०० ने भागलं की बरोबर तीस. तीस महिने, दर महिन्याला तीच ओळ, तोच आकडा. चांगल्या महिन्यात हातात २५,६००, भाकड महिन्यात २२,०००. दोन्ही वेळा राखीव वाट्याच्या वर. समान हप्त्याचा उपयोग इथे कळतो. माणसाला पुढच्या महिन्यात काय येणार ते आधी माहीत असतं, आणि कारकुनाला दर महिन्याला नवा हिशेब करावा लागत नाही. लवकर मोकळं व्हायचं असेल तर चांगल्या महिन्यात त्याने स्वतःहून जास्त भरावं. तशी वाट उघडी ठेवायची. पण ते त्याने येऊन सांगायचं. आपण ‘संमतीपत्रा’वर सही घेऊन राखीव वाटा मोडायचा नाही. साहेबाच्या टेबलासमोर उभ्या माणसाची संमती कशी असते, ते त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांना ठाऊक असतं.

तीस महिने म्हटलं की वरिष्ठांच्या कपाळावर आठी पडते. “लोकांचा पैसा आहे, अडीच वर्षं अडकवून ठेवायचा?” आक्षेप खरा आहे, म्हणून त्याची किंमत मोजून पाहू. वर्षाला ६ टक्के दराने पैशाची किंमत धरली, तर तीस हप्त्यांच्या वसुलीत कार्यालयाला साधारण ३,२५५ चा तोटा होतो. सहा हप्त्यांतही ७३५ चा होतोच. फरक २,५२०. अडीच वर्षांत एवढाच. चौदा महिने भत्ता बंद न करण्याची चूक ज्याची, त्याच्या माथी हे अडीच हजार पडले तर मला ते अजिबात जास्त वाटत नाहीत. सात हजारांचा हप्ता लावला की हा तोटा नाहीसा होत नाही, तो त्या माणसाकडे सरकतो. त्याला हातउसने घ्यावे लागतात किंवा पतसंस्थेकडे पुन्हा जावं लागतं, आणि तिथला दर सहा टक्के नसतो.

दुसरा आक्षेप जास्त धूर्त आहे आणि मला तो मान्यही आहे. राखीव वाटा मोजताना कर्जाचे हप्ते धरायचे म्हटलं, तर वसुलीची नोटीस हातात पडताच कुणीतरी पतसंस्थेतून मोठं कर्ज काढेल आणि जागा शून्यावर आणेल. त्यामुळे नोटिशीच्या तारखेआधी चालू असलेले हप्तेच धरायचे, नंतरचे नाहीत. आणि जुनं कर्ज फिटलं की? आमच्या तंत्रज्ञाचे ८,००० मोकळे झाले असते तर जागा एकदम वाढली असती. अशा वेळी हप्ता वाढवायला माझी हरकत नाही, पण वर्षातून एकदा, लेखी, नवा हिशेब दाखवून. दर महिन्याला माणसाच्या स्लिपेत डोकावून जागा शोधत बसणं म्हणजे राखीव वाटाच त्याचा सगळा पगार करून टाकणं. सत्तर टक्के ही खालची हद्द आहे. तिथपर्यंत खरवडून घ्यायचा परवाना ती नव्हे.

आता बाजूला ठेवलेल्या कराबद्दल. चौदा महिन्यांत जे ४२,००० ‘दिले’, ते सगळे त्याला मिळाले नव्हते. त्यातला काही भाग कर म्हणून कापला गेला होता. ज्या वर्षात चूक झाली त्याच वर्षात वसुली झाली, तर करपात्र पगार तेवढा कमी धरून हिशेब जुळवता येतो. वर्ष उलटलं की गाठ बसते. कराचा भाग सरकारजमा झालेला आणि कार्यालय पूर्ण ४२,००० मागतंय. १० टक्के कर गेला असं धरलं तर त्याच्या हातात ३७,८०० पडले, आणि वसुली मात्र आणखी ४,२०० ची, जे त्याने कधी पाहिलेच नाहीत. माझ्या मते बंद झालेल्या वर्षांपुरती वसुली हातात पडलेल्या रकमेचीच व्हावी, आणि कराचा गुंता कार्यालयाने कर खात्याशी सोडवावा. चूक करणाऱ्याकडे लेखापाल असतो, चुकीचा पगार मिळालेल्याकडे नसतो.

शेवटी राहिलं ते नोकरी सोडणाऱ्यांचं. इथे सगळे नियम गळून पडतात. बाराव्या हप्त्यानंतर कुणी राजीनामा दिला की उरलेले अठरा हप्ते, २५,२००, अंतिम हिशेबातून एकरकमी वळते होतात. कार्यालयाची भीती समजते, माणूस गेला की पैसे गेले. पण शेवटचा महिना हाही कामाचाच महिना असतो, आणि पुढचा पगार कधी येईल हे ठाऊक नसण्याचाही तोच महिना. त्या महिन्याच्या पगारालाही राखीव वाटा लागू व्हावा आणि बाकी रकमेसाठी त्याच १,४०० च्या हप्त्याचा करार व्हावा, बँकेतून दर महिन्याला आपोआप जाणारा. काही जण बुडवतील. तेवढी जोखीम चौदा महिने भत्त्याला शेवटची तारीख न टाकणाऱ्याने उचलावी.

त्या तंत्रज्ञाचे सहाही हप्ते सात हजारांनीच गेले. दुसऱ्या महिन्यात मी टिपण लिहून वर पाठवलं होतं, ते ‘नियमानुसार कार्यवाही सुरू आहे’ असा शेरा घेऊन परत आलं. नंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येक वसुलीच्या आदेशासोबत मी एक कागद जोडत गेले : मागच्या बारा महिन्यांतल्या सगळ्यांत भाकड महिन्याची स्लिप, आणि तिच्या समासात पेन्सिलीने उरलेली जागा. काही अधिकाऱ्यांनी त्यावरून हप्ते बदलले. एकाने कागद काढून टाकायला सांगितला, कारण त्याने फाईल जाड होते.